संपादित ग्रंथातील लेखाचा संदर्भ कोणाच्या नावावर द्यावा?

प्रश्न : मी इतिहासात पीएच.डी. करते आहे, विषय महाराष्ट्रातले सार्वजनिक उत्सव. ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ या पुस्तकातली प्रस्तावना, हॉब्सबॉमचा शेवटचा लेख आणि कोह्नचा लेख असे तीन लेख वापरले आहेत. सूचीत मात्र पुस्तक एकदाच, ‘हॉब्सबॉम आणि रेंजर, १९८३’ असं दिलं आहे. गाइड म्हणतात, प्रत्येक लेख वेगळा दाखवा. पुस्तक एकच असताना तीन नोंदी कशाला? आणि मग पूर्ण पुस्तक कधी द्यायचं?

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे. गेली बावीस वर्षे मी प्रबंध आणि अभ्यासग्रंथ यांच्या संदर्भसूची तपासण्याचे काम करतो आणि मला सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करावी लागणारी चूक हीच आहे. तिचे मूळ ग्रंथालयातल्या सवयीत असावे. कपाटातून आपण एकच पुस्तक काढतो, त्याच्या मुखपृष्ठावर दोनच नावे असतात आणि परत करतानाही एकच पुस्तक परत करतो. त्यामुळे सूचीतही एकच नोंद पुरेल असे वाटते. पण संदर्भसूची ही तुम्ही हाताळलेल्या पुस्तकांची मोजदाद नव्हे. तुमच्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे कोणी म्हटले आहे?’ असे परीक्षकाने विचारले, तर त्याचे उत्तर सूचीतल्या पहिल्या नावाने दिले पाहिजे. संपादित ग्रंथात ते नाव लेखाच्या लेखकाचे असते. ग्रंथ आणि त्याचे संपादक हा त्या लेखाचा पत्ता झाला.

काही गोष्टी तुमच्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. तुम्ही ‘नाव, वर्ष’ अशी पद्धत वापरलेली दिसते, म्हणून मी मुख्यतः एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीला धरून लिहितो. इतिहास विभागांत शिकागो शैलीच्या तळटिपाही पुष्कळ चालतात, साहित्याच्या विभागांत एमएलए चालते, आणि तिथे मांडणी बदलते. लेखाची नोंद लेखकाच्या नावावर करायची, हे मात्र तिन्ही शैलींत सारखेच आहे.

आता तुमचेच पुस्तक उघडू. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९८३ मध्ये काढलेल्या या ग्रंथात सात लेख आहेत आणि लेखक सहा आहेत. पहिली चौदा पाने हॉब्सबॉम यांची प्रस्तावना आहे. त्यानंतर स्कॉटलंडवर ह्यू ट्रेव्हर-रोपर, वेल्सवर प्रिस मॉर्गन, ब्रिटिश राजघराण्याच्या समारंभांवर डेव्हिड कॅनडाइन, व्हिक्टोरियाकालीन भारतावर बर्नार्ड कोह्न, वसाहतकालीन आफ्रिकेवर टेरेन्स रेंजर, आणि शेवटी १८७० ते १९१४ या काळातील युरोपवर पुन्हा हॉब्सबॉम. तीनशेहून थोड्या अधिक पानांच्या या ग्रंथात दोन्ही संपादकांच्या स्वतःच्या लेखणीतून उतरलेली पाने शंभराच्या आसपास आहेत. उरलेली दोनशे पाने इतर चार अभ्यासकांची आहेत.

स्कॉटिश किल्ट हा प्राचीन पोशाख नसून अठराव्या शतकात एका इंग्रज क्वेकर उद्योजकाने तो घडवला, हे प्रतिपादन ट्रेव्हर-रोपर यांच्या लेखात आहे. ते ‘(हॉब्सबॉम आणि रेंजर, १९८३)’ असे म्हणून कोणी दिले, तर त्याने एकाचे मत उचलून दोघांच्या तोंडी घातले. किल्टबद्दलच्या या मांडणीवर वाद आहेत, त्यामुळे ते मत नेमके कोणाचे, हे कळण्याला महत्त्व आहे. तुमच्या बाबतीत हेच कोह्न यांच्या लेखाला लागू पडते. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत भरवलेल्या दरबाराचे, त्यातल्या मानपानाचे आणि बैठकव्यवस्थेचे विश्लेषण कोह्न यांनी केले आहे. ते करणारा माणूस मानववंशशास्त्राकडून इतिहासाकडे आलेला होता, हे वाचकाला ठाऊक असेल तर त्या विश्लेषणाची पद्धतही उमगते. ‘हॉब्सबॉम आणि रेंजर’ या नावांआड हे सगळे झाकले जाते.

मी स्वतः वापरतो तो पडताळा साधा आहे. तुमच्या परिच्छेदातले वाक्य ‘अमुक यांच्या मते’ या शब्दांनी सुरू करून पाहा. ‘अमुक’च्या जागी लेखकाचे नाव बसत असेल, तर लेखाची नोंद करा. तिथे कोणाचेच नाव बसत नसेल आणि वाक्याचा कर्ता ‘हा ग्रंथ’ असेल, तर संपूर्ण ग्रंथाची नोंद करा. ‘हॉब्सबॉम आणि रेंजर यांच्या मते’ असे लिहावेसे वाटले तर क्षणभर थांबा, कारण या ग्रंथात त्या दोघांनी मिळून लिहिलेला एकही लेख नाही.

दोन्ही संपादकांना एकाच मताचे धरण्यात काय धोका आहे, ते रेंजर यांच्या उदाहरणात चांगले दिसते. १९८३ च्या लेखात त्यांनी असे मांडले की, आफ्रिकेत ज्याला ‘रूढ’ कायदा, ‘रूढ’ जमीनहक्क म्हटले गेले, त्यातले बरेचसे वसाहतकाळात घडवलेले होते. दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यांनी या मांडणीचा स्वतःच फेरविचार केला. ‘घडवणे’ या शब्दामुळे सगळे काही एकाच बाजूने, एकदाच आणि वरून लादले गेले असे भासते आणि आफ्रिकी लोकांनी स्वतः त्यात घातलेली भर दिसेनाशी होते, म्हणून ‘कल्पिलेल्या’ परंपरा म्हणणे त्यांना अधिक योग्य वाटू लागले. हा फेरविचारही एका संपादित ग्रंथातच आहे आणि त्या ग्रंथाचे एक संपादक रेंजर स्वतःच आहेत. आता तुमच्या प्रबंधात ‘हॉब्सबॉम आणि रेंजर (१९८३) यांनी परंपरांच्या निर्मितीची व्याख्या केली’ असे वाक्य असेल, तर हॉब्सबॉम यांनी पहिल्याच पानावर केलेली व्याख्या तुम्ही रेंजर यांच्याही नावावर घातली, आणि रेंजर पुढे त्या शब्दापासून दूर सरकले याची वाचकाला दाद लागू दिली नाही. मी तपासलेल्या एका प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी असेच एक वाक्य वाचून ‘यातले दुसरे गृहस्थ हे कुठे म्हणतात, ते दाखवा’ असे सांगितले होते. उमेदवाराने बरोबर आणलेले पुस्तक पाच मिनिटे चाळले. सूची माझ्या हातून गेलेली होती, पण मजकुरातले वाक्य मी तपासले नव्हते. तेव्हापासून सूची तपासताना मी मजकूरही मागवून घेतो.

नोंद प्रत्यक्षात कशी करायची, ते कोह्न यांच्या लेखावरच पाहू. इथे मी सगळे देवनागरीत लिहितो. तुमच्या सूचीत इंग्रजी ग्रंथ रोमन लिपीत ठेवायचे की नाही, हे विद्यापीठाला विचारा. एपीएप्रमाणे नोंद अशी होईल :

कोह्न, बी. एस. (१९८३). रिप्रेझेंटिंग ऑथॉरिटी इन व्हिक्टोरियन इंडिया. समाविष्ट : ई. हॉब्सबॉम आणि टी. रेंजर (संपा.), द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन (पृ. १६५–२०९). केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस.

यातल्या काही जागा नीट पाहण्यासारख्या आहेत. लेखकाचे आडनाव आधी येते, संपादकांची मात्र आद्याक्षरे आधी आणि आडनाव नंतर, कारण सूचीचा अकारविल्हे क्रम फक्त पहिल्या नावावर लागतो. तिरका ठसा ग्रंथाच्या नावाला असतो, लेखाच्या नावाला नसतो. शेल्फवर सापडणारी वस्तू ग्रंथ आहे, म्हणून ठसा त्याला. पृष्ठांक संपूर्ण लेखाचे, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंतचे. तुम्ही त्यातले एकच पान वापरले असले तरी सूचीत १६५–२०९ हेच राहते, आणि तुमचे नेमके पान मजकुरातल्या कंसात जाते : समजा १८५ व्या पानावरचा मुद्दा घेतला असेल, तर (कोह्न, १९८३, पृ. १८५). सूचीत ‘पृ. १८५’ आणि मजकुरात पानच नाही, असा उलटा प्रकार मला इतका दिसतो की आता त्याचे आश्चर्यही वाटत नाही.

प्रस्तावनेची नोंद करताना हॉब्सबॉम यांचे नाव दोनदा येईल, आधी लेखक म्हणून आणि मग रेंजर यांच्याबरोबर संपादक म्हणून. ही द्विरुक्ती नाही. पुष्कळ विद्यार्थी, आणि एखाद्या वेळी टंकलेखकही, ती चूक समजून दुसरे नाव काढून टाकतात आणि मग ग्रंथाचे संपादक एकटे रेंजर उरतात. तुम्ही हॉब्सबॉम यांचे दोन लेख वापरले आहेत आणि दोन्हींचे वर्ष एकच आहे, म्हणून १९८३क आणि १९८३ख असा भेद करावा लागेल. ही अक्षरे लेखांच्या नावांच्या अकारविल्हे क्रमाने मिळतात, तुम्ही आधी कोणता वाचला त्या क्रमाने नव्हे. रोमन सूचीत ‘इंट्रोडक्शन’ आधी येईल आणि ‘मास-प्रोड्यूसिंग ट्रॅडिशन्स’ नंतर. रोमन सूचीत अर्थातच ‘क’ आणि ‘ख’ऐवजी रोमन वर्णमालेतली पहिली दोन अक्षरे लागतील. ही अक्षरे मजकुरातही तशीच ठेवली नाहीत, तर परंपरेची व्याख्या कोणत्या लेखात आणि मे दिनाची चर्चा कोणत्या, हे वाचकाला सांगता येणार नाही.

तुम्हाला जागा वाचवायची इच्छा असेल, तर ती पूर्णपणे गैर नाही. एमएलए आणि शिकागो या दोन्ही शैलींत एकाच ग्रंथातले अनेक लेख वापरले असल्यास संपूर्ण ग्रंथाची एक नोंद करून प्रत्येक लेखाच्या नोंदीत ग्रंथाचा तपशील पुन्हा न लिहिता ‘हॉब्सबॉम आणि रेंजर, पृ. १६५–२०९’ एवढाच निर्देश करता येतो. पण तिथेही लेखांच्या नोंदी वेगळ्याच राहतात, फक्त आखूड होतात. एपीएत ही सवलत नाही. तिथे तिन्ही नोंदी पूर्ण लिहाव्या लागतात. शिकागोच्या २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत ग्रंथसूचीत लेखाची पहिली-शेवटची पाने देणे सक्तीचे राहिलेले नाही. माझे मत विचाराल तर तरीही द्या, कारण चुका पकडायला तीच पाने उपयोगी पडतात. ते कसे, हे पुढे येईलच.

आता संपूर्ण ग्रंथ कधी द्यायचा, याकडे येतो. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात तुम्ही असे काही म्हणत असाल की, या ग्रंथानंतर उत्सव आणि परंपरा यांकडे पाहण्याची इतिहासकारांची दृष्टी बदलली, किंवा या ग्रंथात युरोपबाहेरचे दोनच प्रदेश स्वतंत्र लेखांत आले आहेत आणि ते दोन्ही वसाहती आहेत, तर ती विधाने ग्रंथाच्या एकूण रचनेविषयी आहेत. ती कोणत्याही एका लेखात सापडणार नाहीत. तिथे (हॉब्सबॉम आणि रेंजर, १९८३) हा संदर्भ अगदी योग्य आहे, त्याला पृष्ठांकाची गरज नाही, आणि सूचीत संपादकांच्या नावांपुढे ‘(संपा.)’ लिहून ग्रंथाची स्वतंत्र नोंद होईल. मजकुरातल्या कंसात ‘संपा.’ लिहायचे नसते. ग्रंथाचे परीक्षण, संपादकांनी लेखांची केलेली निवड, ग्रंथाचा प्रभाव असे विषयही याच वर्गातले. ‘अधिक माहितीसाठी पाहा’ म्हणून संपूर्ण ग्रंथ देणे चालते, पण ते मला कधीच फारसे आवडलेले नाही. सात लेखांपैकी नेमका कोणता पाहायचा हे लेखकालाच ठाऊक नाही, असे त्यातून दिसते.

एक गुंतागुंत तुमच्या वाट्याला येण्याचा संभव आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. कोह्न यांचा हाच लेख १९८७ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने दिल्लीत प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या स्वतःच्या लेखसंग्रहात पुन्हा छापला गेला. ‘अॅन अँथ्रोपॉलॉजिस्ट अमंग द हिस्टोरियन्स अँड अदर एसेज’ हे त्या संग्रहाचे नाव, आणि तिथे तो ६३२ ते ६८२ या पानांवर आहे. आपल्याकडच्या ग्रंथालयांत केंब्रिजचा ग्रंथ हाती न लागता हा संग्रह मिळणे सहज शक्य आहे. लेख एकच असला तरी नियम बदलतो, कारण हा ग्रंथ संपादित नाही; त्यातले सगळे लेख एकाच लेखकाचे आहेत. एपीएप्रमाणे एकट्या लेखकाच्या पुस्तकातल्या प्रकरणाची वेगळी नोंद करायची नसते. सूचीत ‘कोह्न, १९८७’ म्हणून संपूर्ण पुस्तक द्यायचे आणि लेखाचे नाव व पान मजकुरात सांगायचे. शिकागोत तुम्हाला हवे असल्यास सूचीत लेखाचेही नाव देता येते, पण पुस्तकाची नोंद पुरते. कारण उघड आहे : पुस्तकाचे नाव सांगितले तरी ‘हे कोणी म्हटले?’ याचे उत्तर तेच येते.

त्याच संग्रहाला रणजित गुहा यांची प्रस्तावना आहे, आणि तिथे नियम पुन्हा उलटतो. त्या प्रस्तावनेतले एखादे वाक्य तुम्ही घेतलेत, तर मुखपृष्ठावर कोह्न यांचे नाव असले तरी नोंद गुहा यांच्या नावावर, प्रस्तावना म्हणून, वेगळी करावी लागेल. पडताळा तोच ठेवा, ‘अमुक यांच्या मते’.

या दोन आवृत्त्यांची सरमिसळ ओळखायला पृष्ठांक उपयोगी पडतात. मजकुरात (कोह्न, १९८३, पृ. ६५०) असे आणि सूचीत पृ. १६५–२०९ असे दिसले, की लेख १९८७ च्या संग्रहात वाचला आणि नोंद दुसऱ्या कोणाच्या तरी सूचीतून उतरवून घेतली, हे लगेच कळते. मजकुरातले प्रत्येक पान सूचीतल्या त्या लेखाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांच्या मध्ये पडते का, एवढे पाहून जावे. दोनशे संदर्भांच्या प्रबंधाला यासाठी एक दुपार पुरते. तुम्ही ज्या आवृत्तीची पाने हातात धरून वाचलीत तिचीच नोंद करा. लेख मूळ १९८३ चा आहे हे सांगणे कालक्रमासाठी गरजेचे वाटले, तर ते एका वाक्यात मजकुरात सांगता येते.

संदर्भ साठवून सूची करून देणारे झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर चूक बहुधा नोंद घेण्याच्या पहिल्याच पायरीला शिरलेली असते. `Add Item(s) by Identifier` मध्ये पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की संपूर्ण ग्रंथाची नोंद तयार होते, तिचा `Item Type` हा `Book` असतो आणि माणसांच्या जागी संपादक येतात. मग कोह्न यांचा लेख वापरायचा म्हणून विद्यार्थी त्याच नोंदीत कोह्न यांचे नाव `Author` म्हणून वाढवतात. छापून येते ते असे की, ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ हा अख्खा ग्रंथ कोह्न यांनी लिहिला आणि हॉब्सबॉम व रेंजर यांनी तो संपादित केला. लेखाचे नाव कुठेच नसते. सूचीत असे काही दिसले तर ती नोंद दुरुस्त करत बसू नका. नवी नोंद करून तिचा प्रकार `Book Section` ठेवा, `Title` मध्ये लेखाचे नाव, `Book Title` मध्ये ग्रंथाचे नाव, कोह्न यांच्यासमोर `Author`, त्या दोघांसमोर `Editor`, आणि `Pages` मध्ये 165-209 भरा. `Book Author` नावाचाही एक पर्याय तिथे दिसतो. तो संपादित ग्रंथासाठी नाही, त्याला हात लावू नका. मजकुरातले नेमके पान या नोंदीत लिहायचे नसते. वर्डमध्ये संदर्भ घालताना जी खिडकी उघडते, तिच्यात `Page` पुढे ते लिहायचे.

तुमच्या सूचीपुरते आता एवढे करा. सध्याची एकच नोंद क्षणभर बाजूला ठेवून तिच्या जागी तीन नोंदी घाला : कोह्न १९८३, हॉब्सबॉम १९८३क (पृ. १–१४) आणि हॉब्सबॉम १९८३ख (पृ. २६३–३०७). मग मजकुरात जिथे जिथे ‘(हॉब्सबॉम आणि रेंजर, १९८३)’ आले आहे ती प्रत्येक जागा शोधून वाक्याचा कर्ता पाहा आणि तिथे या तिघांपैकी योग्य तो संदर्भ पानासह लिहा. हे करताना ज्या वाक्याचा कर्ता खरोखरच ‘हा ग्रंथ’ आहे असे एक तरी वाक्य उरले, तर बाजूला ठेवलेली जुनी नोंद ‘(संपा.)’सह चौथी म्हणून परत आणा. असे एकही वाक्य उरले नाही, तर ती परत आणायचे कारण नाही.